मामांकडून ६०,००० रुपये उसने मागायचे आहेत: निरोप कसा लिहावा?

मानेवाडाकर
नमस्कार. मुलीला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला असून शुल्काची उरलेली रक्कम २० ऑगस्टपर्यंत भरायची आहे. त्यात ६०,००० रुपये कमी पडत आहेत. धरमपेठेत राहणारे माझे मामा निवृत्त आहेत आणि आजवर मी त्यांच्याकडे पैशांसाठी कधीही शब्द टाकलेला नाही. माझा पगार ७ तारखेला जमा होतो, आणि घरखर्च, कर्जाचा हप्ता व भिशी जाऊन साधारण १०,००० रुपये उरतात. भिशी बारा जणांची, दरमहा २,५०० रुपयांची आहे. माझी चिठ्ठी अजून निघालेली नाही आणि शेवटची फेरी १५ जानेवारीला आहे. मी असा निरोप लिहिला आहे: "मामा, थोडी अडचण आहे. ६०,००० ची मदत झाली तर दिवाळीपर्यंत नक्की परत करीन." हा पुरेसा आहे का?

रामदासपेठकर
घरातल्या माणसाला एवढे काय लिहायचे? संध्याकाळी जाऊन बसा, चहा घ्या, विषय काढा आणि रोख घेऊन या. नातेवाइकांमध्ये दोन लाखांपर्यंत रोखीला काही अडचण नसते. फार तर मुद्रांकावर दोन ओळी लिहून द्या.

इतवारीचा हिशेबनीस
रामदासपेठकर, दोन लाखांची मर्यादा वेगळ्या व्यवहारांची आहे. उसने घेताना आयकर कायद्याची मर्यादा २०,००० रुपयांची असून त्या रकमेपासून पुढे रोखीने घेता येत नाही, मग देणारा सख्खा मामा असला तरीही. थोडे थोडे करून घेतले तरी आधीची बाकी त्यात मिळवली जाते. परत करतानाही, बाकी २०,००० किंवा त्याहून अधिक असेल तोवर ८,००० चा हप्तासुद्धा रोखीने देऊ नये. नियम मोडल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. म्हणून पैसे खात्यातून खात्यात यावेत. मामा मोबाइलवरून व्यवहार करत नसतील तर अकाउंट पेयी चेक मागावा. शिवाय बँकेची नोंद आणि तुमचा लेखी निरोप एकत्र असले की मुद्रांकाची भाषा काढायची गरजच पडत नाही, आणि ती काढल्याने मामांना बरे वाटेल असेही नाही.

आता मानेवाडाकर यांच्या मसुद्याकडे वळतो. "दिवाळीपर्यंत" ही तारीख नव्हे. शिवाय महिन्याला १०,००० उरत असताना तोवर ६०,००० कुठून उभे राहणार, हे मामांच्या लगेच लक्षात येईल. तारखा तुमच्या हातात खरोखर पैसे पडण्यावरून ठरवा. पगार ७ तारखेला होत असेल तर हप्ता १० तारखेला ठेवा, म्हणजे मध्ये सुट्टी आली तरी तारीख चुकत नाही. हप्ता १०,००० चा ठेवू नका, कारण सणाच्या महिन्यात तो पहिल्यांदा तुटेल. ८,००० ठेवा. १० सप्टेंबर ते १० डिसेंबर असे चार हप्ते, म्हणजे ३२,००० रुपये झाले. उरलेले २८,००० भिशीतून २० जानेवारीला द्या. चिठ्ठी आधी निघाली तर आधीच द्या.

भिशीवर मात्र सगळा भार टाकू नये. ती तोंडी विश्वासावर चालते आणि एखादा सदस्य मागे हटला की फेरी लांबते. त्यामुळे भिशी न मिळाल्यास काय करणार, तेही लिहून ठेवा: ८,००० चाच हप्ता जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच्या १० तारखेला चालू राहील आणि १० एप्रिलला शेवटचे ४,००० देऊन रक्कम पूर्ण फिटेल.

काटोलची सून
तुम्ही मामांना पैसे द्यावेत की नाही, असा प्रश्न असेल तर माझा अनुभव ऐका. माझ्या दिरांनी संत्र्याच्या बागेसाठी पैसे घेतले होते आणि आंबिया बहार विकला की देतो, असे सांगितले होते. माल गेला, पण व्यापाऱ्याने पैसे तुकड्या-तुकड्यांनी दिले. उशिराचे मला वाईट वाटले नाही. मात्र त्यांनी फोन उचलणे बंद केले, घरच्या बारशालाही आले नाहीत, आणि शेवटी मीच चोर असल्यासारखी त्यांना टाळू लागले.

मानेवाडाकर
ताई, पैसे मीच मागणार आहे. तरी तुमचे म्हणणे उपयोगी आहे. तारीख हुकणार असे दिसले तर आधीच कळवण्याचे एक वाक्य निरोपात घालतो.

इतवारीचा हिशेबनीस
ते वाक्य घालाच. आणखी एक गोष्ट अशी की निवृत्त माणसाचे पैसे बहुधा मुदत ठेवीत किंवा ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत असतात. त्या योजनेचे व्याज दर तीन महिन्यांनी मिळते आणि त्यावर घर चालते. खाते मुदतीआधी बंद केले तर नुकसान त्यांचे होते. भिडेपोटी मामा ठेव मोडतील आणि तुम्हाला सांगणारही नाहीत. म्हणून ठेव मोडू नये, हे तुम्हीच लिहा. त्यातून त्यांना नकार देण्याची सोपी वाटही मिळते.

मानेवाडाकर
सुधारलेला निरोप असा आहे:

"आदरणीय मामा, सादर नमस्कार. मुलीच्या महाविद्यालयाचे शुल्क २० ऑगस्टपर्यंत भरायचे असून त्यात ६०,००० रुपये कमी पडत आहेत. आपल्या बचत खात्यात सहज बाजूला ठेवता येण्यासारखे असतील तर ही रक्कम मला उसनी मिळावी, अशी विनंती आहे. त्यासाठी कोणतीही ठेव मात्र कृपया मोडू नये. परतफेड मी आपल्या खात्यात अशी करीन: १० सप्टेंबर, १० ऑक्टोबर, १० नोव्हेंबर आणि १० डिसेंबर रोजी प्रत्येकी ८,००० आणि २० जानेवारी रोजी भिशीतून २८,०००. भिशी लांबल्यास १० जानेवारीपासूनच ८,००० चा हप्ता चालू ठेवून १० एप्रिलपर्यंत सर्व रक्कम पूर्ण करीन. एखादी तारीख पुढे जाणार असे दिसल्यास आठवडाभर आधी मी स्वतः फोन करीन. मामींशी बोलून सवडीने कळवावे. आता जमण्यासारखे नसेल तर तसे निःसंकोच सांगावे, मी १२ ऑगस्टनंतर दुसरी सोय पाहीन. आपला भाचा."

इतवारीचा हिशेबनीस
एक दुरुस्ती सुचवतो. भिशीची शेवटची फेरी १५ जानेवारीला आहे, त्यामुळे ती लांबल्याचे तुम्हाला १० जानेवारीला कळणारच नाही. "१० जानेवारीपासूनच" ऐवजी "जानेवारीचा हप्ता २० तारखेला आणि पुढचे दर महिन्याच्या १० तारखेला" असे लिहा. शेवटची तारीख १० एप्रिलच राहते. मामींचा उल्लेख केलात ते चांगले केले, कारण दोघांचा निर्णय एकट्याच्या गळ्यात पडत नाही.

रामदासपेठकर
रोखीचे माझे म्हणणे मागे घेतो. पण आधी फोन न करता एवढा मोठा निरोप थेट पाठवला, तर मामांना परकेपणा वाटेल, असे मला अजूनही वाटते. आणि व्याजाचे काय? विचारायला तरी नको का?

काटोलची सून
मला व्याज विचारले असते तर राग आला असता.

इतवारीचा हिशेबनीस
आमच्या घरी व्याज देतात, शेजारी देत नाहीत. याला नियम नाही. फोनबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. फोनवर समोरच्याला त्याच क्षणी होय किंवा नाही म्हणावे लागते, लेखी निरोपात त्याला दोन दिवस मिळतात.

मानेवाडाकर
दुरुस्ती करून, "मामा, एक निरोप पाठवत आहे, सवडीने वाचावा" एवढाच फोन आधी केला आणि निरोप पाठवला. आज मामांचा फोन आला. ४०,००० देता येतील, असे म्हणाले. व्याजाचा विषय मी काढला, तो त्यांनी हसून बाजूला सारला. उरलेल्या २०,००० साठी महाविद्यालयाच्या लेखा विभागात हप्ता मिळतो का, ते उद्या विचारणार आहे. आता मामांना पुन्हा काही लिहावे का?

इतवारीचा हिशेबनीस
अवश्य लिहावे, कारण त्यांच्याकडे असलेल्या निरोपात ६०,००० चा हिशेब आहे. रक्कम जमा होईल त्याच दिवशी पोच द्या आणि खाली नव्या तारखा लिहा: सप्टेंबर ते जानेवारी, दर महिन्याच्या १० तारखेला ८,०००, असे पाच हप्ते. भिशीचा उल्लेख आता काढून टाका. महाविद्यालयाने हप्ता दिलाच, तर भिशीचे पैसे तिकडे कामी येतील. त्या हप्त्याची तारीख कळल्याशिवाय मामांना लवकर फेडण्याचे काही बोलू नका.