प्रतिसाद: चामड्याचा पट्टा आणि कोल्हापूरचा पावसाळा

> "घड्याळाच्या चामडी पट्ट्याला बुरशी येते. धुऊन वाळवला तर कडक झाला. काय चुकलं?"

चुकलं ते वाळवण्यात. ओलं चामडं उष्णतेनं भराभर वाळलं की आतले तंतू एकमेकांना चिकटतात, पट्टा पापडासारखा होतो. मीही एका जुलैत रंकाळ्यावरून भिजून आलो आणि पट्टा गॅसजवळ ठेवला. सकाळी वाकवला तर भोकांपाशी बारीक चिरा होत्या. त्या चिरा कशानंही भरत नाहीत.

बुरशी बघायची असेल तर पट्टा उलटा करा. मनगटाला लागणाऱ्या बाजूला घाम आणि मळ मुरतो, तेच तिचं खाणं. म्हणून घड्याळ काढलं की आधी ती बाजू कोरड्या सुती कापडानं पुसा आणि रात्रभर उघड्यावर, हवेत ठेवा. लगेच डबीत नको. पावसाळ्यात दोन पट्टे आलटून पालटून वापरले तर प्रत्येकाला वाळायला पुरा दिवस मिळतो.

आलेली बुरशी घराबाहेर मऊ ब्रशनं झाडा. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, घट्ट पिळलेल्या कापडानं पुसा. आधी कोपऱ्यात रंग जातो का ते बघा. सावलीत, पंख्याखाली दिवसभर वाळू द्या. पूर्ण वाळल्यावरच लेदर कंडिशनर लावा, तेही मुगाच्या दाण्याएवढं. खोबरेल नको, पट्टा तेलकट होऊन काळवंडतो.

महिनाभर ठेवायचा असेल तर प्लॅस्टिकची पिशवी टाळा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला, पण पट्टा आधी खडखडीत वाळलेला हवा. केशरी दाणे हिरवे झाले की पुड्या बदला.