प्रतिसाद: एनबीए आहे, पण टियर कोणता?

> 'सांगलीच्या कॉलेजातून २०१७ला सिव्हिल केलं. शाखेला एनबीए होतं. भारत वॉशिंग्टन अकॉर्डमध्ये आहे, मग ऑस्ट्रेलियात पदवी थेट धरतील ना?'

एनबीए म्हणजे तांत्रिक अभ्यासक्रमांचा दर्जा तपासणारं राष्ट्रीय मंडळ. त्याची मान्यता दोन प्रकारची असते आणि सगळं तिथंच ठरतं. टियर-१ स्वायत्त कॉलेजं आणि विद्यापीठांसाठी, टियर-२ विद्यापीठाला संलग्न कॉलेजांसाठी. वॉशिंग्टन अकॉर्ड म्हणजे एकमेकांच्या अभियांत्रिकी पदव्या मान्य करण्याचा देशादेशांतला करार. भारत २०१४ साली त्याचा पूर्ण सदस्य झाला, पण त्यात फक्त टियर-१चे अभ्यासक्रम येतात. आपल्याकडची बरीच कॉलेजं संलग्न आहेत, आणि प्रवेशाच्या वेळी हा फरक कुणी सांगत नाही, याचं फार वाईट वाटतं.

मान्यता कॉलेजला नसते, शाखेला असते, तीही ठरावीक वर्षांपुरती. एनबीएच्या यादीत तुमच्या सिव्हिलपुढं टियर-१ आहे का आणि त्या मुदतीत २०१७ बसतं का, ते बघा. कॉलेज नंतर स्वायत्त झालं असेल तर जुन्या पदवीला त्याचा उपयोग नाही.

माझ्या कराडच्या भाच्याची पदवी टियर-२ची निघाली. तरी दार बंद झालं नाही. तिथं अभियंत्यांची पात्रता तपासणाऱ्या इंजिनियर्स ऑस्ट्रेलिया या संस्थेकडं त्यानं सीडीआर दिला: स्वतःच्या कामावरचे तीन अहवाल आणि त्यातला कुठला परिच्छेद कोणती क्षमता दाखवतो याचा तक्ता. त्याच्या पहिल्या मसुद्यात सगळीकडं 'आम्ही केलं' होतं. पुलाच्या पायाचं गणित त्यानं स्वतः कसं केलं, हे लिहिल्यावर अहवाल उभा राहिला. दुसऱ्याचा मजकूर मात्र अजिबात उचलू नका, पकडलं तर अर्ज फेटाळून पुढं बंदीही घालतात.

आणि टियर-१ असलं तरी अकॉर्ड फक्त शिक्षण मान्य करतो. क्वीन्सलंडसारख्या राज्यात व्यावसायिक नोंदणीसाठी अनुभव वेगळा तपासतात.