काळी मांजर आणि दोन महिन्यांचं बाळ: घरात ठेवावी का?

शेवंती (फोंडा)
मुलगी दोन महिन्यांची आहे. आमची चिंगी, काळी मांजर, पाच वर्षं घरात आहे. सासूबाई म्हणतात, मांजर झोपलेल्या बाळाच्या तोंडाशी बसून श्वास ओढून घेते, त्यात ही काळी, बाजारात सोडून या. नवरा मध्ये चेपलाय. यात खरं किती?

डिचोलीकर
सोडून या आणि मोकळ्या व्हा. जुनी माणसं उगाच बोलत नाहीत. म्हापशाच्या मासळी बाजारात सोडा, बांगड्याची डोकी खाऊन आठवड्यात गुबगुबीत होईल. मांजराला नऊ जीव, तुमच्या पोरीला एकच. काळी मांजर आडवी गेली तर मी आजही स्कूटर बाजूला घेऊन थांबतो. तीस वर्षांत एक अपघात नाही.

ताळगाव_तिसरा_मजला
डिचोलीकर, जो माणूस वळणावर स्कूटर थांबवून उभा राहतो तो इतर वेळीही सांभाळूनच चालवत असणार. त्याचं श्रेय मांजराला कशाला? इंग्लंडात बऱ्याच भागांत काळी मांजर शुभ मानतात. तिकडे गेलात तर थांबणार की हसणार?

नऊ जिवांचं मात्र अंगावर आलेलं सांगतो. आमचा बोका तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली पडला. चार पायांवर उतरला, चालत जिन्याने वर आला, ताटलीतलं खाल्लंही. सगळे म्हणाले, बघ, आठ शिल्लक. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तोंड उघडून धापा टाकत होता, पोट भात्यासारखं वरखाली. मांजर कुत्र्यासारखी तोंड उघडून धापू लागली की ते चांगलं लक्षण नव्हे, लगेच उचलायची. एक्स-रेत फुफ्फुसाभोवती हवा साठलेली दिसली, ती सुईने काढावी लागली. हवेत अंग वळवून पायांवर उतरतात हे खरं, पण आपटायचं ते आपटतंच. १९८७ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद छापली होती, त्यातली नव्वद टक्के वाचली. पण ती दवाखान्यापर्यंत आणलेली. जी खालीच मेली ती कोण आणतो? आणि आमच्या वाड्यातले जुने पोर्तुगीज बोलणारे लोक सातच जीव म्हणतात, तेव्हा आधी आकडा तरी ठरवा.

घरात वाढलेलं मांजर बाजारात सोडाल तर कुत्री आणि तिथली जुनी मांजरं त्याला बांगड्याच्या डोक्यांपर्यंत पोचूच देणार नाहीत.

माड_आणि_मांजर
शेवंती, गर्भारपणात मांजराच्या शीला हात लावू नये असं आमच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. बाळाच्या डोळ्यांवर, मेंदूवर परिणाम होतो. सासूबाईंचं ऐका.

नर्सताई
ती भीती पोटात बाळ असतानाची. तेव्हाही मांजर हाकलायचं नसतं, शी दुसऱ्याने रोजच्या रोज काढायची, कारण त्यातला जंतू बाधक व्हायला किमान एक दिवस लागतो. कच्च्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीतून तो जास्त येतो. शेवंतीचं बाळ जन्मलंय, प्रश्न वेगळा आहे.

मी नवजात बाळांच्या विभागात काम करते. श्वास ओढण्याची गोष्ट इंग्लंडातही जुनी आहे. १७९१ साली प्लिमथजवळ दीड वर्षाचं मूल गेलं तर चौकशीला बसलेल्या पंचांनी चक्क मांजराने श्वास ओढला म्हणून मृत्यू असा निकाल दिला. झोपेत काही कारण न दिसता बाळ जायचं आणि उबेला आलेली मांजर तिथे सापडायची, मग दुसरं कोण दोषी? पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेत बाळांना पालथं न झोपवता पाठीवर झोपवा असं सांगायला सुरुवात झाली. दहा-एक वर्षांत असे मृत्यू निम्म्यावर आले. घरातल्या मांजरी होत्या तिथेच होत्या.

पण म्हणून मांजर बाळाजवळ झोपू द्यायची असं नाही. दोन महिन्यांचं बाळ बहुतेक नाकानेच श्वास घेतं, मान उचलून बाजूला करू शकत नाही, हाताने ढकलू शकत नाही. चार किलोची मांजर उबेसाठी गळ्याशी येऊन पसरली तर नाक झाकू शकतं. अशा घटना फार क्वचित, पण अशक्य नाहीत. तेव्हा बाळ झोपलेलं असताना मांजर त्या खोलीत नको, एवढाच नियम.

आता मला सांगा, बाळाच्या डोक्याखाली राईची उशी आहे का?

रायबंदर_काकू
अगो, मांजर दुधाच्या वासाने येते, श्वासाबिसाला नाही. बाळाच्या ओठांवर दूध सुकलेलं असतं, ते चाटायला. पाळण्यावर मच्छरदाणी टाक, काम झालं.

नर्सताई
काकू, वासाचं तुमचं बरोबर असू शकतं, पण उबेची ओढ मोठी. मच्छरदाणी मात्र डासांसाठी, मांजरासाठी नाही. सैल दाणीवर मांजर उडी मारते, दाणी खाली लोंबते आणि मांजराला आयती झोळी मिळते, थेट बाळाच्या वर. घरात हे करून बघा: दाणीच्या मधोमध दोन किलो तांदळाची पिशवी ठेवा आणि ती किती खाली येते पाहा.

शेवंती
राईची उशी आहे. सासूबाईंनीच शिवली, डोकं गोल व्हावं म्हणून. दोन्ही बाजूंना लोडही आहेत.

नर्सताई
मग मांजरापेक्षा मला त्यांची काळजी वाटते. लोड काढा, उशी काढा, दुलई छातीच्या वर नको. गादी घट्ट, बाळ पाठीवर. डोकं एका बाजूला चपटं वाटलं तर जागेपणी तुमच्या डोळ्यांसमोर थोडा वेळ पोटावर ठेवा.

डिचोलीकर
राईच्या उशीवर आमच्या चार पिढ्या वाढल्या. मांजर चालते आणि उशी नको? हे शहाणपण मला पटत नाही.

नर्सताई
मांजरही त्या खोलीत चालत नाही, असंच म्हटलंय. जी बाळं गेली ती चार पिढ्यांच्या हिशेबात धरली जात नाहीत. त्यावर मी तुमच्याशी भांडणार नाही, निर्णय शेवंतीचा.

शेवंती
दार लावून झोपायला हरकत नाही, पण आमचं घर कौलारू आहे. खोल्यांच्या भिंती छपरापर्यंत जात नाहीत. चिंगी वाशांवरून चालत या खोलीतून त्या खोलीत उतरते, दार लावलं तरी येते.

ताळगाव_तिसरा_मजला
मग बाळाला नाही, चिंगीला कोंडा. ज्या खोलीवर स्लॅब आहे ती द्या, न्हाणी असली तरी चालेल. रेतीची कुंडी, पाणी आणि तिचं जुनं गोणपाट. पहिल्या दोन-तीन रात्री ओरडेल, उघडू नका. उघडलंत तर ओरडलं की दार उघडतं हे ती शिकेल. आणि रेबीजची लस झालीय ना ते बघा. ओरखडा आला तर पंधरा मिनिटं साबणाच्या पाण्याने धुऊन डॉक्टरकडे.

रायबंदर_काकू
किती दिवस कोंडणार? पालथं पडायला लागलं की पुरे ना? चार-पाच महिने.

नर्सताई
पालथं पडतं म्हणजे अंगावरून मांजर ढकलता येते असं नाही. मी वर्षभर म्हणेन. आमच्याकडच्या एक डॉक्टर सहा महिने म्हणतात, तेव्हा यात मतं वेगळी आहेत.

शेवंती
लोड काढले. उशी सासूबाईंनी स्वतःच्या डोक्याखाली घेतली आहे. चिंगीसाठी न्हाणी त्यांना मान्य नाही, म्हणतात सोवळ्याची घागर तिथे असते. पडवीत जाळीचं कपाट आहे, त्याची कडी नवरा उद्या दुरुस्त करणार आहे.