कार्ड टाकण्यापेक्षा पूर्ण उत्तर टाका

"मी व्हायब्रेशन ॲनालिसिसची कामं घेतो. ग्रुपवर जाहिरात न करता आपलं काम लोकांना कसं कळणार?"

मी महापेला याच लाइनमधे आहे. आमच्या मेंटेनन्सवाल्यांच्या ग्रुपवर एकाने विचारलं होतं की पंपाचं कपलिंगकडचं बेअरिंग दर २ महिन्यांनी जातंय, अलाइनमेंट करूनसुद्धा. लगेच तीन कार्डं पडली, "कॉल करा सर" म्हणून. मी एवढंच विचारलं की ॲक्सियल रीडिंग जास्त येतंय का आणि अलाइनमेंट पाइप जोडायच्या आधी केलं की नंतर. ॲक्सियल जास्त होतं आणि अलाइनमेंट पाइप जोडायच्या आधीचं. मग तिथेच सगळं लिहिलं, पंप लॉक करा, लाइन रिकामी करा, कपलिंगवर डायल इंडिकेटर लावा आणि फ्लँजचे बोल्ट हळूहळू ढिले करत काटा बघा, ०.०५ मिमीच्या वर हलला तर पाइपच पंपाला ओढतोय, बेअरिंग कितीही बदला तेच होणार. हेही लिहिलं की काटा नाही हलला तर माझा अंदाज चुकला, मग बेसचा सॉफ्ट फूट तपासा.

काटा ०.३ हलला. त्याने पाइपचा सपोर्ट नीट केला आणि रिझल्ट स्वतःच ग्रुपवर टाकला, मला काही बोलावं लागलं नाही.

अर्धं उत्तर देऊन "बाकी पर्सनलवर सांगतो" हे मात्र अजिबात करू नका, लोकांना लगेच कळतं. आणि क्लायंटच्या मशीनची नेमप्लेट फोटोत कधीच नको. आपण गप्प असताना कोणी आपल्याला टॅग करून "हे यांना विचारा" म्हणालं की समजायचं, ओळख व्हायला लागली.