लॅपटॉप कायम प्लगला: "काही होत नाही" म्हणणाऱ्यांसाठी

बाणेरवासी: आजकालचे लॅपटॉप हुशार असतात. बॅटरी भरली की चार्जिंग आपोआप थांबतं. त्यामुळे चोवीस तास प्लगला ठेवा, काही होत नाही. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची लिमिट हे कंपन्यांचं नाटक आहे. २० टक्के बॅटरी माझ्या पैशांची, ती मी का सोडू? त्यापेक्षा पूर्वीसारखी महिन्यातून एकदा पूर्ण उतरवून भरावी, बॅटरी ताजी राहते.

तपकीर_गल्ली: सकाळपासून ही पोस्ट तीन जणांनी मला पाठवली, म्हणून लिहितोय. दुकानात रोज उघडे लॅपटॉप समोर असतात, त्यामुळे थोडं लांबेल.

चार्जिंग थांबतं, हे खरंय. शंभरला पोचल्यावर बॅटरीत करंट जात नाही, लॅपटॉप थेट अडॅप्टरवर चालतो. जास्त चार्ज होऊन बॅटरी जळेल ही भीती फुकटची. पण करंट थांबला म्हणजे सेल आराम करतोय असं नाही. बहुतेक सेल शंभरला ४.२ व्होल्टच्या पुढेमागे ताणून धरलेला असतो. त्या ताणात आतलं इलेक्ट्रोलाइट हळूहळू बिघडतं, थोडा गॅस धरतो, क्षमता घटते. वापरा नाहीतर नुसता ठेवा. उष्णता असेल तर हेच भराभर होतं. ८० टक्क्यांना तोच सेल चार व्होल्टच्या आसपास असतो. फरक किरकोळ वाटतो, पण रोजचे बारा तास आणि अशी तीन वर्षं धरा.

गेल्या महिन्यातलीच गोष्ट. औंधचे एक गृहस्थ "ट्रॅकपॅड क्लिक होत नाही" म्हणून आले. लॅपटॉप तीन वर्षांचा, घरून काम, प्लग कधी काढलेला नाही. मी आधी हे चालवलं:

```
powercfg /batteryreport
```

मूळ क्षमता ५७ वॉट-अवर, आता पूर्ण भरल्यावर ४१. म्हणजे ७२ टक्के उरली. आणि सायकल काउंट, म्हणजे बॅटरी उतरून-भरण्याच्या फेऱ्या, किती? ३८! वापरून झिजली असती तर आकडा काही शेकड्यांत असता. ही वापरलीच नव्हती, भरलेली ठेवून म्हातारी केली. खालचं झाकण काढलं तर मधला सेल उशीसारखा फुगलेला, त्यानेच ट्रॅकपॅड खालून वर ढकलला होता. फुगलेल्या बॅटरीला टाचणी लावू नका, दाबू नका, पुन्हा चार्जही करू नका. हे सांगावं लागतं, कारण एकाने "हवा काढून" आणली होती.

आणि पूर्ण उतरवून भरणं हा निकेलच्या बॅटऱ्यांच्या काळातला सल्ला आहे. लिथियमला त्याने काही ताजेपणा येत नाही. फार तर टक्केवारी दाखवणारं मोजमाप सरळ होतं.

बाणेरवासी: एका फुगलेल्या बॅटरीवरून अख्ख्या पुण्याला घाबरवताय. माझ्या भावाचा लॅपटॉप सहा वर्षं प्लगलाच आहे, आजही दोन तास चालतो.

तपकीर_गल्ली: नवा होता तेव्हा किती चालायचा?

बाणेरवासी: साडेपाच तास. पण सहा वर्षं झालीत, म्हातारपण येणारच ना!

तपकीर_गल्ली: येणारच. किती लवकर, यावरच तर आपण भांडतोय.

मीनल_हडपसर: मला कोणी सांगेल का? मी काल ८० ची लिमिट लावली, तरी १०० च दाखवतंय. आणि ऑफिसच्या दुसऱ्या लॅपटॉपवर चार्जर लावूनही बॅटरी ७७ वर अडकली आहे, चढतच नाही. चार्जर गेला का? नवा घेऊ?

तपकीर_गल्ली: मीनलताई, काही घेऊ नका. लिमिट म्हणजे फक्त "इथून पुढे भरू नकोस" असा हुकूम. आधीच शंभरला असलेली बॅटरी तो बहुतेक मॉडेलांत उतरवत नाही. प्लग काढून एकदा ऐंशीच्या खाली येऊ द्या, मग लावा. दुसऱ्या लॅपटॉपवर बहुधा दोन आकडे आहेत: थांब ८० ला, पुन्हा सुरू कर ७५ च्या खाली आल्यावर. ७७ या मधल्या पट्ट्यात आहे, म्हणून तो गप्प बसलाय. दर एक टक्क्याला भर-थांब, भर-थांब होऊ नये म्हणून ही सोय.

हा हुकूम विंडोज पाळत नाही, मदरबोर्डवरचा छोटा कंट्रोलर पाळतो. त्यामुळे बऱ्याच मॉडेलांत लॅपटॉप बंद असतानाही लिमिट चालू राहते. काहींत मात्र रीस्टार्टनंतर पुसली जाते. लिनक्सवाल्यांनी रीस्टार्ट करून तपासावं:

```
cat /sys/class/power_supply/BAT0/charge_control_end_threshold
```

१०० आलं, तर लिमिट उडाली आहे.

नाना_शनिवारपेठ: मी इन्व्हर्टर बारा वर्षं वापरतो आहे. बॅटरी कायम फुल ठेवायची, हाच नियम. अर्धवट ठेवली की सहा महिन्यांत बसते. लॅपटॉपची बॅटरी काय वेगळ्या देवाची आहे?

तपकीर_गल्ली: नाना, वेगळ्याच देवाची. तुमची शिशाची, ती अर्धवट राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. लिथियमचं उलट, अर्ध्यात ती सुखी असते.

नाना_शनिवारपेठ: असेल. पण पाणी वेळेवर घातलं पाहिजे. मी एसीचं पाणी साठवून घालतो, फुकट आणि शुद्ध.

कोथरूडची_काकू: नाना, एसीच्या पाण्यात कॉइलवरची धूळ आणि धातू येतात! बाटलीतलं डिस्टिल्ड वॉटरच घाला. आमच्याकडे एकाने आरओचं घातलं, वर्षात बॅटरी बदलावी लागली.

नाना_शनिवारपेठ: आरओ आणि एसी एक नाही, बाई. माझी बारा वर्षं चालली.

कोथरूडची_काकू: इन्व्हर्टर बारा वर्षं. बॅटरी किती बदलल्या ते सांगा.

नाना_शनिवारपेठ: तीन. पण त्याचा पाण्याशी संबंध नाही.

मीनल_हडपसर: 😂

बाणेरवासी: पाणी राहू द्या. गुरुवारी वीज जाते त्याचं बोला. दुरुस्तीच्या नावाखाली सकाळी जी गेली ती दुपारी येते. माझ्याकडे इन्व्हर्टर नाही. १२ वाजता क्लायंटचा कॉल असतो. तुमच्या ८० टक्क्यांनी कॉलच्या मध्येच मला बाहेर काढलं तर ती बॅटरी पाच वर्षं टिकून मी काय तिची पूजा करू?

तपकीर_गल्ली: इथे मात्र तुमचं बरोबर आहे. बुधवारी रात्री लिमिट काढा, शंभर भरा, वीज आली की पुन्हा लावा. आठवड्यातून एक रात्र शंभरला राहिली म्हणून फुगत नाही. सहा दिवस तिथेच टांगून ठेवलीत तर त्रास.

कोथरूडची_काकू: आणि ६० ची लिमिट? आमच्या मुलाने तीच लावली आहे.

तपकीर_गल्ली: सेलसाठी ६० अजून बरी. पण प्लग न काढणाऱ्यालाच परवडते. माझा स्वतःचा ८० वर आहे, चार वर्षांनी ५० पैकी ४६ वॉट-अवर उरलेत. यालाही पुरावा म्हणू नका, माझं दुकान थंड आहे आणि मी गेम खेळत नाही. गेम खेळणाऱ्याने आधी लॅपटॉप गादीवरून उचलावा. एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावरच्या खोलीत लिमिट लावली तरी उष्णता आपलं काम करतेच.

बाणेरवासी: ठीक आहे, लावली ८०. आता ९३ वर आहे, उतरायची वाट बघतोय. आणि "नाटक" हा शब्द मागे घेतो, "कंपन्यांचं" मात्र ठेवतो. हीच लिमिट पहिल्या दिवसापासून चालू करून का देत नाहीत?

तपकीर_गल्ली: कारण बॉक्सवर "दहा तास" लिहायचं असतं.

नाना_शनिवारपेठ: डिस्टिल्ड वॉटर कुठे स्वस्त मिळतं?