मदत हवी आहे: विहिरीत क्लोरीन टिकत का नाही?

मी जीएनएम नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सामुदायिक पोस्टिंगच्या गावात विहिरीचं शुद्धीकरण केलं. व्यास 3 मीटर, पाणी 4 मीटर, म्हणजे साधारण 28,260 लिटर. किती ब्लीचिंग पावडर लागेल ते ठरवायला केलेल्या हॉरॉक्स पात्राच्या चाचणीत तिसऱ्या कपात निळा रंग आला, म्हणून 455 लिटरला 6 ग्रॅम धरून सुमारे 373 ग्रॅम ब्लीचिंग पावडर घेतली. बादलीत कालवून चुना खाली बसू दिला आणि वरचं निवळ पाणीच विहिरीत सोडून ढवळलं. तासाभराने पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायला ओटी टेस्ट केली, पण पिवळी झाक अजिबात नाही!

मला एक शंका येते. चाचणी कॉलेजच्या बंद डब्यातल्या पावडरने केली होती, विहिरीत मात्र गावातल्या उघड्या पोत्यातली टाकली. ती ओलसर होती, गोळे झालेले, वासही फारसा नव्हता. ताज्या पावडरमध्ये 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, तो उघड्यावर उडून जातो. की ढवळताना वर आलेल्या गाळाने क्लोरीन खाल्ला?

पोत्यातल्याच पावडरने चाचणी पुन्हा केली तर हे दोन्ही वेगळं ओळखता येईल का? की सरळ नवी पावडर मागवू? तोवर घरोघरी पाणी खळखळून उकळायला सांगितलंय, पण एका आजींकडे जळणच पुरत नाही. कृपया लवकर सांगा.