अनुभव धागा : एकाच चॅटचे फोटो गॅलरीत येऊ नयेत म्हणून तुम्ही काय केलंत?

मंगळवारपेठकर

वडील गडहिंग्लजला असतात, त्यांना शुगर आहे. पायाच्या जखमेला एक दिवसाआड ड्रेसिंग होतं आणि सिस्टर पट्टी काढल्यावर मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात. मी तो आमच्या डॉक्टरांना दाखवते. परवा घरी सगळे जमले होते, मावशी म्हणाल्या जोतिबाच्या यात्रेचे फोटो दाखव. गुलालात माखलेली पालखी, सासनकाठ्या, आमचं सगळं बिऱ्हाड, आणि पुढचा फोटो एकदम उघडी टाच. मावशींच्या हातात बशी होती, ती तशीच खाली ठेवली.

मुलाने सांगितलं म्हणून त्या चॅटमध्ये सिस्टरच्या नावावर बोट ठेवलं, खाली गेले, Media visibility उघडलं. तिथे Default, Yes आणि No असे तीन पर्याय. No केलं, OK केलं. गॅलरी उघडली तर टाच तिथेच! काय चुकलं? आणि तुम्ही कोणत्या चॅटसाठी हे केलंत, तेही लिहा.

चपलेचा धंदा

आमच्याकडे गिऱ्हाईक कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने माप काढतं आणि फोटो पाठवतं. दिवसाला वीस-पंचवीस पायच पाय. बायको म्हणायची, गॅलरी आहे का एक्स-रेची फाइल. मी प्रत्येकाचं वेगळं कुठं करत बसू, सरळ मुख्य सेटिंगमधूनच सगळ्यांचं बंद केलं. जागाही वाचली, आता फोटो डाउनलोडच होत नाहीत.

राजारामपुरी रिपेअर

दुकानात आठवड्याला दोन तरी जण ही तक्रार घेऊन येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चपलेवाले दादा, जागा वाचलेली नाही. फोटो डाउनलोड होतायत, फक्त गॅलरीला दिसत नाहीत. डाउनलोड थांबवायचं सेटिंग वेगळं, ते Storage and data मध्ये Media auto-download नावाने असतं, आणि ते सगळ्या चॅटना एकदमच लागतं.

ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. त्या पर्यायाच्या वर जो प्रश्न येतो तो नव्याने डाउनलोड होणाऱ्या फोटोंबद्दल असतो. आधी उतरलेले जिथे आहेत तिथेच राहतात. अँड्रॉइडवर ते फोटो इथे असतात :

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Images
```

No केल्यावर त्या चॅटचे पुढचे फोटो याच फोल्डरच्या आत Private नावाच्या फोल्डरमध्ये पडतात. त्यात `.nomedia` नावाची रिकामी फाइल असते. ती दिसली की गॅलरी त्या फोल्डरात डोकावत नाही. एवढाच खेळ आहे, कुलूप वगैरे काही नाही. फाइल मॅनेजर उघडणाऱ्याला सगळं दिसतं.

खात्री करायची तर सिस्टरना एक नवा फोटो पाठवायला सांगा. चॅटमध्ये दिसला आणि गॅलरीत नाही, म्हणजे झालं.

मंगळवारपेठकर

आज सकाळचा फोटो नाही आला गॅलरीत! पण जुने चाळीसेक आहेत त्यांचं काय? गॅलरीतून उडवून टाकू?

सायबर चौक

नको नको! मी तेच केलं होतं. घरमालकाच्या चॅटमधले भाडेकराराच्या पानांचे फोटो गॅलरीत नको म्हणून तिथून डिलीट केले. महिन्याभराने चॅटमध्ये उघडायला गेलो तर नुसतं धुरकट चित्र, आणि फाइल सापडत नाही म्हणून मेसेज. गॅलरी आणि चॅट एकच फाइल दाखवतात हे कोणी सांगितलंच नव्हतं. शेवटी पुन्हा पाठवायला सांगावं लागलं, आणि ते साहेब कसले आहेत ते मलाच ठाऊक.

उद्यमनगर

मग मी डोकं लावलं होतं, जुने फोटो फाइल मॅनेजरने त्या Private मध्येच हलवले. गॅलरीतून गेले खरे, पण चॅटमध्येही धुरकट झाले. परत जुन्या जागी आणून ठेवल्यावर दिसायला लागले. म्हणजे चॅट फोटोची जागा लक्षात ठेवतं. नाद करायचा नाही.

राजारामपुरी रिपेअर

बरोबर. जुन्यांसाठी एकच मार्ग मला पटतो. WhatsApp Images फोल्डरमध्येच `.nomedia` नावाची रिकामी फाइल करून ठेवायची. फोटो हलत नाहीत, चॅट शाबूत. पण मग सगळ्याच चॅटचे फोटो गॅलरीतून जातात, जोतिबाचे कोणी पाठवले असतील तर तेही. ती फाइल काढली की परत येतात. तुम्हाला फक्त एका चॅटचे जुने लपवायचेत, तर चाळीस फोटो आधी संगणकावर किंवा दुसरीकडे नीट ठेवा, मग फोनमधले उडवा.

शाहूपुरीची आजी

माझा डीपी शेजारच्या बाईंच्या गॅलरीत कसा गेला? तो Media visibility ने निघेल का?

सायबर चौक

आजी, ते वेगळं. त्यांनी तुमचा डीपी कसातरी उतरवून घेतला असेल. तुमच्या फोनवरचं हे सेटिंग फक्त तुमच्या गॅलरीपुरतं, त्यांच्या फोनला ते लागत नाही.

कागलहून रोज ये-जा

आयफोनवाल्यांसाठी : आमच्याकडे नाव वेगळं, Save to Photos. चॅटच्या नावावर गेलं की Default, Always, Never. मी भिशीच्या ग्रुपला Never दिलंय, रोजचे सुप्रभात बंद. आयफोनवर फोटोंमध्ये जाते ती वेगळी प्रत, त्यामुळे तिथून उडवली तरी चॅटमधला फोटो राहतो. ताईंचा प्रॉब्लेम आमच्याकडे झालाच नसता, हे टोमणा म्हणून नाही.

चपलेचा धंदा

आमच्यात एक गोची झाली. सगळं बंद केल्यावर मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटोही गॅलरीत येईनात, बायकोला वाटलं उडाले. आता उलटं केलंय. मुख्य सेटिंग चालू, आणि गिऱ्हाइकांच्या ऑर्डरच्या ग्रुपला तेवढं No. एखादं माप कारागिराला गॅलरीतून द्यायचं असलं तर फोटो उघडून तीन टिंबांतून सेव्ह करतो, तेवढाच गॅलरीत जातो.

बिंदू चौकातला

गूगल फोटोज कोणी तपासलं का? माझ्या फोनवर WhatsApp Images फोल्डरचा बॅकअप चालू होता. चॅटला No केलं, पण आधीचे सगळे ढगात जाऊन बसलेले. ॲपमध्ये फोनवरच्या फोल्डरांच्या बॅकअपची यादी असते, तिथे तो बंद केला आणि वर गेलेले फोटो निवडून काढले. काढताना फोनवरचीही प्रत जाईल असं विचारलं, तेव्हा थांबून वाचा.

मंगळवारपेठकर

अगं बाई, माझाही चालू निघाला! टाच लॅपटॉपवर पण आहे. बंद केलं.

एक राहिलं. मी स्वतः गडहिंग्लजला गेले की माझ्या कॅमेऱ्याने टाच काढते आणि डॉक्टरांना पाठवते. डॉक्टरांच्या चॅटलाही No केलंय, तरी ते दिसतात.

राजारामपुरी रिपेअर

ते दिसणारच. कॅमेऱ्याने काढलेला फोटो कॅमेऱ्याच्या फोल्डरात असतो, व्हॉट्सॲपचा त्याच्याशी संबंध नाही. पाठवून झाला की हाताने काढा, नाहीतर तुमच्या फोनमध्ये लॉक्ड फोल्डर असेल तर त्यात टाका.

उद्यमनगर

फोन बदलला की हे एकेका चॅटचं No तसंच राहतं का? मला दिवाळीत नवा घ्यायचाय.

मंगळवारपेठकर

कोणी केलं असेल तर सांगा हो. मावशी रविवारी परत येणार आहेत, अंबाबाईच्या किरणोत्सवाचे फोटो बघायला.